रब्बीचा पीकनकाशा: रँडम फॉरेस्टसाठी शेतं कशी निवडावीत, बिंदू कसे तोलावेत

प्रश्न: श्रीगोंदा तालुक्याचा रब्बी पीकनकाशा करतोय. सेंटिनेल-२ च्या ऑक्टोबर ते मार्च अशा सहा तारखा, प्रत्येकीचे दहा बँड, म्हणजे एकूण ६० थर घेतलेत. मोबाइल जीपीएसने एका शेतात सहा-सात या हिशेबाने ८०० बिंदू घेतले: ज्वारी ४१०, हरभरा १४०, गहू १२०, ऊस ९०, कांदा ४०. ७०:३० अशी विभागणी केली तर अचूकता ९४ टक्के येते. पण नकाशात कांदा जवळपास दिसतच नाही, आणि दिसतो तिथे बऱ्याचदा नसतो. सगळ्या पिकांचे बिंदू सारखे करू का? की कांद्याचे बिंदू कॉपी करून वाढवू?

उत्तर: दोन्ही नको, निदान लगेच नको. आधी बिंदू बाजूला ठेवा आणि शेतं मोजा. एका शेतात सहा-सात बिंदू म्हणजे तुमचा कांदा फक्त सहा शेतांतून आलेला आहे. एकाच शेतातले सात बिंदू एकाच दिवशी लावलेल्या, एकाच विहिरीवर भिजलेल्या, एकाच जातीच्या पिकाचे असतात. त्यांचे ६० आकडे जवळजवळ सारखेच निघतात, त्यामुळे सातवा बिंदू पहिल्यापेक्षा फारसं नवीन काही सांगत नाही. तालुक्यातल्या सगळ्या कांद्याबद्दल तुमच्या फॉरेस्टला मिळालेली माहिती सहा शेतांची आहे. त्याच हिशेबाने ज्वारीची साठेक, हरभऱ्याची वीसेक, गव्हाची अठरा आणि उसाची चौदा शेतं होतात.

९४ टक्क्यांचं मूळही इथेच आहे. ८०० बिंदू सरमिसळ करून ७०:३० वाटले की एकाच शेताचे पाच बिंदू शिकायला जातात आणि दोन परीक्षेला बसतात. परीक्षेतला बिंदू शिकलेल्या बिंदूपासून वीस मीटरवर असतो, मग तो ओळखला जाणारच. रँडम फॉरेस्टची स्वतःची आउट-ऑफ-बॅग अचूकताही याच कारणाने फुगते, कारण प्रत्येक झाडासाठी बाजूला राहणारे नमुने बिंदूगणिक निवडले जातात, शेतागणिक नाही. म्हणून प्रत्येक बिंदूला शेताचा क्रमांक द्या आणि विभागणी शेतावर करा:

```python
from sklearn.ensemble import RandomForestClassifier
from sklearn.model_selection import StratifiedGroupKFold, cross_val_predict

rf = RandomForestClassifier(n_estimators=500, min_samples_leaf=5,
                            random_state=7, n_jobs=-1)
cv = StratifiedGroupKFold(n_splits=5, shuffle=True, random_state=7)
p = cross_val_predict(rf, X, y, groups=df["shet_id"], cv=cv,
                      method="predict_proba")
```

यातून येणारा आकडा ९४ पेक्षा बराच खाली असेल. तो बघून नाराज होऊ नका. नकाशात तुम्हाला जे दिसतंय त्याच्याशी तो जुळेल, आणि पुढची प्रत्येक सुधारणा याच आकड्यावर तपासायची आहे.

आता एका शेतातून बिंदू घ्यायचे कुठे, तर इथे आपल्याकडचं माप फार उपयोगी पडतं. गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट, साधारण १०१ चौरस मीटर. सेंटिनेल-२ च्या निळ्या, हिरव्या, लाल आणि B8 या बँडचा पिक्सेल १०० चौरस मीटरचा. म्हणजे एक पिक्सेल जवळजवळ बरोबर एक गुंठा. रेड-एज, B8A आणि B11, B12 हे सहा बँड मात्र वीस मीटरचे, म्हणजे चार गुंठ्यांचे. अर्ध्या एकराचं, समजा ४५ बाय ४५ मीटरचं शेत घेतलं तर त्यात १० मीटरचे वीसेक पिक्सेल येतात. बांधालगतची एक रांग सोडली की चार ते सहा उरतात. वीस मीटरचा पिक्सेल पूर्णपणे त्याच शेतात बसेल असा एखाददुसराच सापडतो. दहा गुंठ्यांच्या कांद्यात बऱ्याचदा तोही नसतो. तिथे B11 चा आकडा कांदा, बांध आणि शेजारची ज्वारी यांची सरासरी असतो. कांदा शिकायला अवघड जातो त्याचं हे एक साधं कारण आहे: त्याची शेतं लहान असतात.

म्हणून जीपीएसचा बिंदू जिथे उभं राहून घेतला तिथेच ठेवू नका. बहुतेक लोक रस्त्याकडेला किंवा बांधावर उभे राहून नोंद करतात, त्यात मोबाइलची पाच-सात मीटरची चूक धरली की बिंदू थेट शेजारच्या शेतात जाऊ शकतो. उपग्रहाच्या प्रतिमेवर शेताची हद्द आखा, ती दहा मीटर आत घ्या, आणि उरलेल्या भागातून जास्तीत जास्त तीन पिक्सेल उचला. मोठ्या शेतातूनही तीनच. नाहीतर दोन हेक्टरचं उसाचं एक शेत दहा लहान शेतांवर भारी पडतं. पण लहान शेतं गैरसोयीची म्हणून गाळूही नका. अर्ध्या एकराखालची सगळी शेतं सोडून शिकवलेला फॉरेस्ट तालुक्यातल्या कांद्याच्या लहान शेतांना नीट ओळखत नाही. अशा शेतातून मधला एकच पिक्सेल घ्या, पण शेत यादीत ठेवा.

एक तपासणी लगेच करून टाका. अर्थ इंजिनमध्ये `sampleRegions` वापरलं असेल, तर ज्या बिंदूचा ६० पैकी एकही थर ढगामुळे झाकलेला आहे तो बिंदू काही न सांगता गळतो. ऑक्टोबरची तारीख असेल तर ही गळती होण्याची शक्यता जास्त, आणि ती तालुक्याच्या एकाच बाजूला झालेली असू शकते. बिंदू टाकण्याआधी किती होते हे न बघता, आकडे काढल्यानंतर पिकागणिक आणि शेतागणिक किती उरले ते मोजा.

आता तुमच्या प्रश्नाच्या गाभ्याकडे येऊ. समतोल पिकांच्या नावांत शोधण्याआधी एकाच नावाखाली काय काय दडलंय ते पाहा. रांगडा कांदा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लागतो, डिसेंबरमध्ये भरात असतो आणि जानेवारी-फेब्रुवारीत काढला जातो. उन्हाळी कांद्याची लागण डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे डिसेंबरच्या प्रतिमेत तिथे नांगरलेलं रान किंवा नुकते भिजवलेले वाफे दिसतात आणि मार्चमध्ये हिरवं पीक. तारखांच्या बँडवर चालणाऱ्या फॉरेस्टच्या नजरेने ही दोन वेगळी पिकं आहेत. ती एकमेकांसारखी दिसण्यापेक्षा रांगडा कांदा हरभऱ्यासारखा आणि उन्हाळी कांदा उशिराच्या गव्हासारखा जास्त दिसतो. तुमच्या सहा शेतांपैकी पाच रांगड्याची असतील, तर तुम्ही फॉरेस्टला उन्हाळी कांदा शिकवलेलाच नाही. मग नकाशात तो न दिसणं हा समतोलाचा प्रश्नच नाही.

उसाचं याहून गुंतागुंतीचं आहे. ऑक्टोबर ते मार्च या काळात आडसाली ऊस उभा असतो आणि मध्येच कधीतरी तुटतो, तुटल्यावर खोडव्याचा फुटवा येतो, पूर्वहंगामी ऊस नुकता लागलेला असतो, सुरू उसाची सरी जानेवारी-फेब्रुवारीत पडते. नवीन उसाच्या सरीत कांद्याचं आंतरपीक घेतलं असेल, तर मार्चपर्यंत प्रतिमेत कांदाच दिसणार. अशा शेताला काय नाव द्यायचं हे आधीच लिहून ठरवा आणि तोच नियम सगळीकडे पाळा. मी स्वतः त्या हंगामात जमीन जास्त झाकणाऱ्या पिकाचं नाव देतो आणि आंतरपिकाची खूण वेगळ्या रकान्यात ठेवतो.

हे पोटप्रकार शोधायला शिवारात जायच्या आधीच सुरुवात करता येते. सहाही तारखांचा एनडीव्हीआय घेऊन शेतजमिनीवर के-मीन्सने बारा ते पंधरा गट पाडा. प्रत्येक गटाची सरासरी रेघ काढली की कोणती रेघ कधी चढते आणि कधी उतरते हे स्पष्ट दिसतं. मग प्रत्येक गटातून यादृच्छिक ठिकाणं काढा आणि तिथे जा. असं केल्याने डांबरी रस्त्याच्या आणि कुकडीच्या पाटाच्या कडेचीच शेतं गोळा होत नाहीत, आतल्या मुरमाड रानातली जिरायत ज्वारीही हाती लागते. पाटाखालची ज्वारी आणि जिरायत ज्वारी यांची फेब्रुवारीतली रेघ इतकी वेगळी असते की ज्वारीचे ४१० बिंदू सगळे पाटाकडेचे असतील, तर तुमचं सगळ्यात श्रीमंत दिसणारं पीकही अर्धंच शिकवलेलं आहे. गोळा केलेल्या प्रत्येक शेताची रेघ पडद्यावर काढून डोळ्यांनी बघा. 'ज्वारी' लिहिलेलं शेत मार्चअखेरही गर्द हिरवं असेल, तर नोंदीत किंवा जागेत काहीतरी चुकलंय. मात्र फॉरेस्ट चुकतोय एवढ्याच कारणावरून शेत वगळू नका. फोटो किंवा शेतकऱ्याकडून खात्री झाली आणि नोंद बरोबर निघाली, तर तेच शेत सर्वांत मोलाचं. ते काढून टाकलं तर अचूकता कागदावर वाढते आणि नकाशा तसाच राहतो.

पोटप्रकारांची नावं फॉरेस्टला वेगळे वर्ग म्हणून द्यावीत का? मी देत नाही. समजा एका पिक्सेलला ज्वारीची ३६, रांगड्याची ३४ आणि उन्हाळीची ३० टक्के मतं पडली. वेगळे वर्ग असतील तर ज्वारी जिंकते, खरं तर कांद्याची मतं ६४ आहेत. रँडम फॉरेस्ट एका वर्गातले दोन-तीन वेगळे पुंजके स्वतःच सांभाळतो. म्हणून पोटप्रकार शेतं मोजण्यासाठी आणि तोलण्यासाठी वापरा, शिकवताना पिकाचं नाव द्या.

तुमच्या यादीत आणखी एक मोठी उणीव आहे. फॉरेस्टला 'माहीत नाही' असं म्हणता येत नाही. तुम्ही पाचच पिकं दिलीत, म्हणून तालुक्यातला प्रत्येक पिक्सेल या पाचांपैकी कुठल्यातरी पिकात जाणार. श्रीगोंद्यात लिंबाच्या बागा आहेत, डाळिंब आहे, घास आणि कडवळ आहे, मका आहे, पडीक रान आणि वेडी बाभूळ आहे. कायम हिरवी लिंबाची बाग उसात जाईल, वरचेवर कापला जाणारा घास रेघेच्या चढउतारामुळे बहुधा कांद्यात. "दिसतो तिथे कांदा नसतो" याचं कारण मी आधी इथे शोधेन. खोटे कांदे जिथे दिसतात त्यातली वीस-तीस ठिकाणं प्रतिमेवर पाहा, शक्य असेल तर जाऊन पाहा, आणि तिथे जे निघेल त्याचं 'इतर' या वर्गात स्वतंत्र शिक्षण द्या. या वर्गातही आतला समतोल ठेवा. साठ शेतं घेतली आणि पन्नास पडीक रानाची निघाली तर उपयोग नाही, पडीक रान तर फॉरेस्ट सहज ओळखतो.

एवढं झालं की मग पिकापिकांतला समतोल. इथे दोन्ही टोकं का फसतात ते एका मनातल्या उदाहरणाने पाहू. १००० हेक्टर शेतजमीन, त्यात कांदा ५० हेक्टर. सगळे वर्ग सारखे करून शिकवलेला फॉरेस्ट समजा ९० टक्के कांदा पकडतो, पण बाकीच्या पिकांतल्या ८ टक्के क्षेत्रालाही कांदा म्हणतो. पकडलेला कांदा ४५ हेक्टर, खोटा कांदा ९५० चे ८ टक्के म्हणजे ७६ हेक्टर. नकाशावर १२१ हेक्टर कांदा दिसेल आणि त्यातला ३७ टक्केच खरा असेल. याउलट प्रत्यक्ष प्रमाणातच शिकवलेला फॉरेस्ट समजा निम्माच कांदा पकडतो, पण इतरांपैकी फक्त १ टक्क्याला कांदा म्हणतो. २५ खरा आणि ९.५ खोटा. दिसणाऱ्या कांद्यातला ७२ टक्के खरा, पण निम्मा कांदा गायब. तुमची आताची अवस्था या दुसऱ्या प्रकारच्या जवळ आहे, आणि बिंदू सारखे केले तर तुम्ही पहिल्या प्रकारात जाल.

याच उदाहरणात एक सापळा आहे. पहिल्या फॉरेस्टची परीक्षाही १०० कांदा आणि १०० इतर अशा समसमान बिंदूंवर घेतली, तर तो ९८ ठिकाणी कांदा म्हणतो आणि त्यातले ९० बरोबर ठरतात, म्हणजे ९२ टक्के! फॉरेस्ट तोच, जमीन तीच, पण ३७ चे ९२ झाले. शिकवायचे बिंदू तुम्ही हवे तसे तोलू शकता, परीक्षेचे बिंदू मात्र जमिनीच्या प्रमाणात असले पाहिजेत किंवा त्या प्रमाणाने गुणले गेले पाहिजेत. ढोबळ प्रमाण ई-पीक पाहणीच्या तालुकावार आकड्यांवरून मिळेल. गटातल्या कुठल्या कोपऱ्यात कोणतं पीक आहे हे मात्र त्यावरून ठरवू नका.

तर व्यवहारात काय करायचं? लहान पिकाला खालची मर्यादा घाला, मोठ्याला वरची. माझा अंदाज असा, की प्रत्येक पोटप्रकाराची निदान पंचवीस-तीस शेतं असल्याशिवाय बाकी कसरती करण्यात अर्थ नाही. तुमच्यासाठी म्हणजे रांगडा आणि उन्हाळी मिळून पन्नास-साठ शेतं कांदा. ऊस उभा, तुटलेला आणि नवीन मिळून तेवढाच किंवा थोडा जास्त. हरभरा आणि गहू तीस-पस्तीस, 'इतर' साठेक. ज्वारीची शेतं ऐंशी-नव्वदपर्यंत चालतील, त्यात जिरायत हवीच. सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान वर्ग यांत तिपटीपेक्षा जास्त फरक राहणार नाही एवढं पाहा. शेतं पुरेशी झाली का हे कळण्याचा मार्ग साधा आहे: निम्मी शेतं, पाऊण शेतं आणि सगळी शेतं घेऊन तीनदा शिकवा. कांदा पकडण्याचं प्रमाण शेवटच्या टप्प्यातही वाढतच असेल, तर आणखी शेतं हवीत. थांबलं असेल, तर आता अडचण शेतांच्या संख्येची नाही, तारखांची किंवा पिक्सेलच्या आकाराची आहे.

बिंदू कॉपी केल्याने नवीन शेत येत नाही, त्याच सहा शेतांवरचा विश्वास तेवढा वाढतो. आणि कॉपी विभागणीच्या आधी केली तर तोच बिंदू शिकण्यात आणि परीक्षेत दोन्हीकडे जातो. स्मोट पद्धतीने कृत्रिम बिंदू बनवणं तर इथे जास्त धोक्याचं. ती दोन जवळच्या नमुन्यांच्या मधला नमुना तयार करते. कांद्याचे नमुने थोडे असतील तर रांगडा आणि उन्हाळी यांच्या मधला, म्हणजे डिसेंबरमध्येही अर्धा हिरवा आणि मार्चमध्येही अर्धा हिरवा असा कांदा तयार होतो. असा कांदा कुठल्याच रानात नसतो. त्यापेक्षा `class_weight` वापरा, पण `min_samples_leaf` पाच-दहा ठेवूनच. झाडं शेवटच्या पानापर्यंत वाढू दिली तर पानात एकाच वर्गाचे नमुने उरतात आणि वजनाचा परिणाम फारच थोडा राहतो. आर वापरत असाल तर `randomForest` मधले `strata` आणि `sampsize` अधिक चांगले: प्रत्येक झाड प्रत्येक पिकातून ठरलेले नमुने नव्याने उचलतं, त्यामुळे ज्वारीचे नमुने कायमचे फेकावे लागत नाहीत. अर्थ इंजिनच्या `smileRandomForest` ला वर्गाचं वजन देता येत नाही, तिथे बिंदूंची संख्याच बदलावी लागते.

शेवटचा काटा वजनांपेक्षा संभाव्यतेच्या मर्यादेने लावणं मला सोपं वाटतं. वरच्या कोडमधल्या `p` मध्ये कांद्याची मर्यादा ०.३ पासून ०.६ पर्यंत बदलत जा आणि प्रत्येक ठिकाणी दोन गोष्टी काढा: किती टक्के कांदा पकडला, आणि इतर पिकांचा किती टक्के कांद्यात गेला. दोन्हींना तालुक्यातल्या खऱ्या क्षेत्राने गुणा, वरच्या उदाहरणासारखं. पकडलेला आणि खोटा यांचा जो मेळ तुमच्या कामाला चालेल ती मर्यादा घ्या. कांद्याची शेतं शोधून पाहणीला जायचं असेल तर थोडे खोटे चालतात, नकाशा कुणाच्या हातात द्यायचा असेल तर नाही. मर्यादा ठरवायला वापरलेल्या शेतांवर अंतिम अचूकता सांगू नका, त्यासाठी वेगळी, यादृच्छिक निवडलेली ठिकाणं ठेवा.

आणि क्षेत्र सांगायचं असेल तर पिक्सेल मोजून सांगू नका, कारण तो आकडा तुमच्या वजनांनी आणि मर्यादेने हलतो. समजा ५०,००० हेक्टरपैकी नकाशा ३००० हेक्टर कांदा दाखवतो. कांदा दाखवलेल्या भागातून १०० यादृच्छिक ठिकाणं तपासली, ६० खरी निघाली: १८०० हेक्टर. उरलेल्या ४७,००० हेक्टरमधून ३०० तपासली, ६ ठिकाणी कांदा निघाला, म्हणजे २ टक्के: ९४० हेक्टर. कांद्याचा अंदाज २७४० हेक्टर, आणि ९५ टक्के खात्रीने त्यात सुमारे ८०० हेक्टर इकडेतिकडे. यातली बहुतेक अनिश्चितता त्या सहा ठिकाणांतून येते. तेव्हा तपासणीसाठी आणखी दिवस मिळाले, तर ते कांदा न दाखवलेल्या भागात, त्यातही पाटाखालच्या आणि विहीर-बागायत पट्ट्यात खर्च करा.